चार दिवस उन्हात ठेवली, तरी सोलर पॉवर बँक भरत का नाही?

तक्रार ठरलेली असते. २०,००० एमएएचची सोलर पॉवर बँक आणली, गच्चीच्या कठड्यावर चार दिवस उन्हात ठेवली, हिरवा दिवा सकाळपासून संध्याकाळपर्यंत जळत होता, आणि तरी चार ठिपक्यांतला पहिलाच ठिपका लुकलुकतोय. दुकानदार म्हणतो, ऊन कमी पडलं असेल. घरचे म्हणतात, पीस खराब निघाला. बहुतेक वेळा दोन्ही चूक असतं. पीस ठणठणीत असतो आणि कोल्हापूरच्या उन्हाला तर कोणी नावं ठेवू नयेत. पॅनेलच तेवढंसं असतं.

२०१९ आणि २०२१ च्या महापुरात शहराच्या बऱ्याच भागात दिवसचे दिवस वीज नव्हती. तेव्हापासून पावसाळ्याच्या तोंडावर अशी एखादी बँक घरात घेऊन ठेवायची, असं पुष्कळ घरांत ठरलेलं आहे. म्हणून इथे पुराचं गणितही मांडलं आहे, कारण नेमकं तिथेच हे यंत्र सगळ्यात जास्त फसवतं.

आधी पट्टी घ्या आणि पॅनेल मोजा

नेहमीच्या सोलर पॉवर बँकेवरचं काळं पॅनेल साधारण १४ सेंटीमीटर लांब आणि ७ सेंटीमीटर रुंद असतं. म्हणजे ९८ चौरस सेंटीमीटर, तळहाताच्या आसपास. भर दुपारी स्वच्छ आकाशातून एका चौरस मीटरवर सुमारे १००० वॉट ऊन पडतं. त्या हिशेबाने या पॅनेलच्या वाट्याला येतं ९.८ वॉट. हे झालं नुसतं ऊन. त्याची वीज करताना चांगल्यातला सिलिकॉन सेलही साधारण पाचवा हिस्सा पदरात टाकतो, म्हणजे दोन वॉटच्या आतच. त्यातून सेलच्या पट्ट्यांमधल्या मोकळ्या फटी आणि वरचा प्लास्टिकचा थर वजा केला, की उरतात सव्वा ते दीड वॉट.

आता बँकेच्या पाठीमागचा बारीक मजकूर वाचा. प्रामाणिक कंपनी असेल तर तिथे पॅनेलसाठी ५ व्होल्ट आणि २०० ते ३०० मिलिअँपिअर असं काहीतरी छापलेलं सापडेल. हा आकडा आपल्या हिशेबाशी जुळतो. आकडाच छापलेला नसेल तर पट्टीवर विश्वास ठेवा. डब्यावर दहा वॉट लिहिलं म्हणून तळहाताएवढ्या तुकड्यावर दहा वॉट उतरत नाहीत, कारण तेवढं ऊनच त्यावर पडत नाही.

छापलेला आकडाही प्रयोगशाळेतला असतो: सेल २५ अंशांवर, प्रकाश सरळ काटकोनात. गच्चीवर बँक आडवी पडलेली असते, वर धूळ बसलेली असते, आणि आतलं चार्जिंग सर्किट स्वतःसाठीही थोडं खातं. २५० मिलिअँपिअर छापलं असेल तर भर उन्हात बॅटरीपर्यंत १८० च्या आसपास पोचले तरी पीस चांगला म्हणायचा.

पूर्ण हिशेब, एका बँकेचा

तीच बँक धरू: २०,००० एमएएच, पॅनेलवरून भर उन्हात १८० मिलिअँपिअर. दिवसभरात ऊन कमीजास्त होत असतं, म्हणून सोलरवाले ‘पूर्ण उन्हाचे तास’ मोजतात. सकाळचं कोवळं, दुपारचं कडक आणि संध्याकाळचं उतरतं ऊन एकत्र करून ते भर दुपारच्या उन्हाचे किती तास होतात, ते बघायचं. कोल्हापुरात वर्षाची सरासरी दिवसाला पाच तासांच्या थोडी वर जाते. एप्रिल-मे महिन्यांत ती सहाच्या पुढे असते आणि जुलै-ऑगस्टमध्ये साडेतीन-चारवर उतरते. धो-धो पावसाच्या एखाद्या दिवशी एक-दीड तासही मिळाला तर पुष्कळ.

पाच तास धरले तर दिवसाला १८० गुणिले ५, म्हणजे ९०० एमएएच. २०,००० भागिले ९०० म्हणजे २२ दिवस. तेही रोज आकाश स्वच्छ असेल, बँक सकाळी मांडून संध्याकाळी उचलली जाईल, आणि मधल्या काळात कोणी त्यातून एकदाही मोबाइल लावणार नाही, तरच. चार दिवसांत ३६०० एमएएच भरले, म्हणजे १८ टक्के. पहिला ठिपका २५ टक्क्यांपर्यंतचा असतो. तो लुकलुकतोय यात नवल काहीच नाही, तो खरंच सांगतोय.

आता मोबाइलच्या बाजूने बघा, कारण शेवटी काम त्याच्याशी. दिवसाचे ९०० एमएएच बॅटरीच्या ३.७ व्होल्टला भरतात, म्हणजे ३.३ वॉट-तास. ते बाहेर काढताना ५ व्होल्टपर्यंत चढवावे लागतात, त्यात साधारण १५ टक्के जातात. मोबाइलच्या आत पुन्हा दहा-बारा टक्के उष्णतेत जातात. हाती उरतात अडीच वॉट-तास. ५००० एमएएचच्या मोबाइलची बॅटरी १९ वॉट-तासांच्या थोडी वर असते. म्हणजे दिवसभराच्या कडक उन्हाची कमाई मोबाइलच्या पडद्यावर १२-१३ टक्के दिसते. थोडा वेळ व्हिडिओ कॉल केला की संपलं.

हीच बँक भिंतीतल्या साध्या १० वॉटच्या चार्जरला लावली तर आठ-नऊ तासांत, म्हणजे रात्रीत, गळ्यापर्यंत भरते. वीज लागते एका युनिटच्या दहाव्या भागाएवढी. तेवढ्या विजेसाठी सूर्याला २२ दिवस राबवायचं की नाही, ते ज्याचं त्याने ठरवावं.

पुराच्या आठवड्यात काय होतं

पूर येतो तो ढगांसकट. पंचगंगा पात्राबाहेर पडते तेव्हा राधानगरी, गगनबावड्याकडे पावसाची झड लागलेली असते आणि शहरावरही दिवस दिवस सूर्य दिसत नाही. म्हणजे वीज नसते त्याच दिवसांत ऊनही नसतं. दीड तासाचं पूर्ण ऊन मिळालं असं उदार मनाने धरलं तर १८० गुणिले दीड म्हणजे २७० एमएएच, आणि मोबाइलमध्ये साधारण चार टक्के. शिवाय हे मिळवण्यासाठी बँक उघड्यावर ठेवायची, पावसात. या बँका ‘वॉटरप्रूफ’ म्हणून विकल्या जातात, पण बऱ्याच मॉडेलांत यूएसबीच्या तोंडावर नुसतं रबरी झाकण असतं. ते नीट बसलं नाही की आत ओल शिरते, आणि मग चार टक्केही नाहीत.

हिरवा दिवा काहीच सांगत नाही

दिवसभर दिवा जळत होता, मग चार्ज झालं कसं नाही, हा पुढचा प्रश्न. तो दिवा फक्त पॅनेलवर थोडा व्होल्टेज आल्याचं सांगतो. किती करंट जातोय, हे त्याला ठाऊकच नसतं, आणि असा दिवा पेटायला एखादा मिलिअँपिअरही पुरतो. संध्याकाळी बँक ट्यूबलाइटखाली जवळ धरून बघा, पुष्कळ मॉडेलांत तिथेही दिवा पेटतो. खोलीतला प्रकाश दोन-तीनशे लक्स असतो आणि दुपारचं ऊन लाखाच्या घरात. म्हणजे खोलीत बँकेला उन्हाच्या तीनशेवा भागही मिळत नाही. १८० भागिले ३००, एक मिलिअँपिअरसुद्धा नाही. दिवा मात्र ऐटीत हिरवा.

खिडकीत काचेच्या आत ठेवणाऱ्यांचंही असंच होतं. काच दहावा हिस्सा तरी अडवते, पण खरा तोटा तो नव्हे. खिडकीतून थेट ऊन दिवसातले दोन-तीन तासच येतं, तेही तिरपं, आणि अर्धं आकाश भिंतीने झाकलेलं असतं. ९०० चे दोन-अडीचशे होतात.

सावलीचं एक गणित मात्र हाताने करून बघण्यासारखं आहे. पॅनेलकडे जवळून बघितलं तर ते एकसंध नसून दहा-बारा बारीक पट्ट्यांचं बनलेलं दिसतं. प्रत्येक पट्टी साधारण अर्धा व्होल्ट देते. साडेपाच व्होल्ट व्हायला अशा अकराएक पट्ट्या एकामागे एक जोडलेल्या असतात, आगगाडीच्या डब्यांसारख्या. त्यामुळे सगळ्यात कमी प्रकाश मिळालेली पट्टी बाकीच्यांचाही करंट अडवते. कठड्यावरच्या कुंडीच्या एका पानाची सावली एका पट्टीवर पूर्ण बसली, तर नुकसान अकराव्या भागाचं होत नाही, जवळजवळ सगळंच बसतं. दुपारी सूर्य सरकतो तशी वाळत घातलेल्या कपड्यांची, टाकीची, डिशची सावली सरकत येते. सकाळी ठेवताना जागा उन्हात असते, दोन वाजता ती कुठे असते हे कोणी बघायला जात नाही.

ज्या उन्हाची पॅनेलला गरज, तेच बॅटरीला सोसत नाही

या वस्तूची रचनाच इथे चुकलेली आहे. पॅनेल आणि लिथियमची बॅटरी एकाच काळ्या डब्यात पाठीला पाठ लावून बसवली आहेत. लिथियम-आयन सेल साधारण ४५ अंशांच्या वर चार्ज करू नये, असं सेल बनवणारेच सांगतात. एप्रिलमध्ये हवा ३८ अंशांवर असताना सिमेंटच्या कठड्यावर ठेवलेला काळा डबा ५५-६० ला सहज जातो. पत्र्यावर किंवा बंद गाडीच्या डॅशबोर्डवर त्याहूनही वर. हात लावून चटका बसला तर बॅटरीलाही बसतोय, एवढं थर्मामीटर पुरे.

तापलं की पॅनेलचंही बिघडतं. दर अंशामागे त्याचा व्होल्टेज साधारण ०.४ टक्क्याने घसरतो. २५ अंशांवर साडेपाच व्होल्ट देणारं पॅनेल ६० अंशांवर पावणेपाचच्या आसपास येतं. बॅटरी रिकामी, म्हणजे साडेतीन व्होल्टवर असताना हे चालून जातं. पण ती भरत आली, चार व्होल्टच्या पुढे गेली, की मधल्या डायोड-सर्किटला लागणारा व्होल्टेज वजा जाता ढकलायला जोरच उरत नाही. शेवटचा टप्पा म्हणूनच रखडतो, आणि वरचे हिशेबातले २२ दिवसही मग कागदावरच राहतात.

काही चांगल्या बँकांत तापमान बघणारा सेन्सर असतो. तो गरम झाल्यावर चार्जिंग थांबवतो, म्हणजे ऐन दुपारच्या तीन तासांत काहीच भरत नाही. स्वस्तातल्या बऱ्याच बँकांत तो नसतो, त्या भरत राहतात आणि फुगतात.

फुगल्याची खूण सोपी आहे. बँक सपाट टेबलावर ठेवून एका कोपऱ्यावर बोटाने दाबा. पूर्वी घट्ट बसायची ती आता डुगडुगते, किंवा पॅनेलच्या कडेची फट उघडून आत नख जातं. अशी बँक पुन्हा चार्ज करायची नाही, दाबून बसवायची नाही, टोचायची तर मुळीच नाही. पत्र्याच्या डब्यात कोरड्या वाळूत ठेवून ई-कचरा घेणाऱ्याकडे द्यावी. घंटागाडीत टाकली तर गाडीत दाबली जाऊन पेट घेऊ शकते.

पीस खरंच खराब आहे का, ते कसं कळेल

यासाठी यूएसबी मीटर लागतो. बँक आणि केबलच्या मध्ये लावायचा हा छोटा मीटर ऑनलाइन सहज मिळतो. बँक पूर्ण रिकामी करा. मोबाइलपेक्षा यूएसबीचा छोटा दिवा लावलेला बरा, कारण तो एकसारखा करंट घेतो. बँक बंद पडली की तासभर तशीच ठेवा आणि पुन्हा दिवा लावा. विसावलेली बॅटरी थोडा वेळ पुन्हा जीव धरते आणि तेवढा चार्ज नंतर उन्हाच्या नावावर जमा होतो, म्हणून तोही काढून टाकायचा. दुसऱ्यांदा बंद पडली की मीटर शून्यावर आणा.

दुसऱ्या दिवशी पॅनेल ओल्या फडक्याने पुसून कोरडं करा. बँक सकाळी साडेनऊ ते संध्याकाळी साडेचारपर्यंत उन्हात ठेवा, दक्षिणेकडे जरा कलती, खाली विटेचे दोन तुकडे देऊन म्हणजे खालून वारा खेळेल. चाचणीसाठी मे महिना टाळा, डिसेंबर-जानेवारीचं ऊन बरं. संध्याकाळी बँक घरात गार होऊ द्या आणि मग तोच दिवा मीटरमधून लावून पूर्ण रिकामी करा.

मीटरवर ५ व्होल्टचे एमएएच दिसतात, आतल्या बॅटरीचे नव्हे. म्हणून ९०० ची अपेक्षा धरायची नाही. ९०० ला ३.७ ने गुणून १५ टक्के घट वजा केली आणि ५ ने भागलं की ५६० च्या आसपास येतात. ४०० ते ६०० दिसले तर तुमची बँक अगदी बरोबर चालते आहे, ती मुळात एवढीच आहे. दुकानात भांडायला जाऊन उपयोग नाही. ५० च्या आत दिसलं तर मात्र पॅनेलची तार सुटलेली आहे किंवा पॅनेलला तडा गेला आहे, आणि ती तक्रार खरी. चाचणी झाली की बँक लगेच भिंतीच्या चार्जरवर लावा, रिकामी लिथियम बॅटरी तशीच पडू देऊ नये.

जाता जाता, एमएएचचा आकडाही तपासून घ्या. खऱ्या २०,००० एमएएचच्या बँकेचं वजन साधारण साडेतीनशे ग्रॅमच्या पुढे असतं, कारण तेवढी बॅटरीच तेवढी जड असते. वर ५०,००० छापलंय आणि वाण्याच्या काट्यावर पाव किलो भरली, तर छापणाऱ्याने मनाला येईल तो आकडा घातलाय.

मग उन्हावर चार्ज करायचंच असेल तर

पॅनेल आणि बॅटरी वेगळी करा, पॅनेल उन्हात आणि बँक सावलीत. सोलरच्या दुकानात १० वॉटचं १२ व्होल्टवालं छोटं पॅनेल मिळतं, साधारण वहीच्या दोन उघड्या पानांएवढं. सोबत १२ व्होल्टचे ५ व्होल्ट करणारं, यूएसबी सॉकेट असलेलं बक कन्व्हर्टर घ्या. घेताना दुकानदाराला विचारून खात्री करा, की ते २४ व्होल्टपर्यंतचा इनपुट सोसतं, कारण १२ व्होल्टचं म्हणवणारं पॅनेल भार नसताना २१-२२ व्होल्ट देतं. लाल-काळी तार उलटी लागली तर कन्व्हर्टर जळतं, तेव्हा आधी मल्टिमीटरने बघून मगच जोडा.

असं पॅनेल भर उन्हात खरे सात वॉट देतं. २०,००० ची बँक दोन-अडीच दिवसांत भरते, आणि ढगाळ दिवशीही मोबाइल अर्ध्याच्या आसपास नेता येतो. एरवी ते दक्षिणेकडे १७ अंश कलतं ठेवायचं, कोल्हापूरचा अक्षांशच तेवढा आहे. पण पूर्ण झाकोळलं असेल तेव्हा सपाट आडवं ठेवा. ढगांतला प्रकाश सगळ्या आकाशातून येतो, आणि सपाट ठेवल्यावर सगळं आकाश दिसतं. तिरपं केलं की मागचा भाग वाया जातो.

मोबाइल थेट पॅनेलला लावू नका. ढग आला की करंट पडतो, मोबाइल चार्जिंग सोडून देतो किंवा ‘स्लो चार्जिंग’वर जातो आणि ऊन परत आल्यावरही तिथेच अडकून बसतो. मधे बँक ठेवली की ही कटकट कमी होते. क्वचित बँकही अडकते. अशा वेळी केबल काढून पुन्हा लावली की चालू होते.

घरात आधीच सोलरवाली बँक असेल तर ती फेकून देण्याची गरज नाही. साध्या बटणाच्या फोनची बॅटरी हजार एमएएचची असते, त्याला एका कडक दिवसाचं ऊन अर्ध्याहून जास्त भरतं आणि तो त्यावर दोन दिवस तरी काढतो. तेवढ्यापुरतं पॅनेल कामाचं आहे. बाकी तिला साधी पॉवर बँक समजा, पॅनेल रंगवलेलं आहे असं धरा आणि चार्जरवर भरत जा. जून ते सप्टेंबर महिन्यातून एकदा भरून ठेवा. राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांच्या इशारा पातळीला लागल्याचं कळलं, की त्याच रात्री घरातल्या सगळ्या बँका भिंतीला लावा. ४३ फुटांची धोका पातळी गाठल्यावर वीज किती वेळ राहील, हे महावितरणच्या हातातही नसतं.